दुपारी चढणारा, रात्री उतरणारा नानांचा ताप

तक्रार आधी नीट मांडतो, कारण आमच्या घरचं निस्तरल्यावर ओळखीच्या आणखी दोन घरांतून हीच तक्रार माझ्याकडे आली.

मे महिना, ग्वाल्हेर, लष्कर भागातलं जुनं दगडी घर. आजोबांना आम्ही सगळे नाना म्हणतो, वय 84. दुपारी दोनला त्यांना 101 ताप निघायचा, साडेचारच्या सुमाराला 102 पर्यंत जायचा, रात्री आठला 100 वर यायचा आणि सकाळी सहाला साफ उतरलेला असायचा. मधली एक दुपार सोडली तर असं नऊ दिवस. हे सगळे आकडे नानांच्या पाऱ्याच्या थर्मामीटरवरचे. आईने आणलेला डिजिटल त्याच दुपारी 98 दाखवायचा. म्हणजे फरक एखाद्या दशांशाचा नव्हता, साडेतीन-चार अंशांचा होता, आणि तोही फक्त दुपारीच. सकाळी दोन्ही थर्मामीटर गुण्यागोविंदानं एकच आकडा सांगायचे.

इतकी मोठी तफावत निघाली की घरात तट पडतात. आई आणि बाबा डिजिटलकडे, आजी कुणाकडेच नाही, नाना एकटे पाऱ्याकडे. मी हॉस्पिटलातली उपकरणं दुरुस्त करतो, त्यामुळे निवाडा माझ्या गळ्यात आला. पहिले चार दिवस मी तो चुकीचा दिला.

नानांचा डिजिटलवरचा राग

नाना हट्टी आहेत पण अडाणी नाहीत. दौलतगंजातल्या एका दवाखान्यात त्यांनी 30 वर्षं कंपाउंडरकी केली. थर्मामीटर झटकताना त्यांचं मनगट अजून असं फिरतं की दोन झटक्यांत पारा खाली. काच बोटांत हळूच फिरवत पाऱ्याची रुपेरी रेघ अचूक पकडतात. त्रिकोणी काचेची एक कड भिंगाचं काम करते, ती समोर आली तरच रेघ जाड दिसते. माझ्या बहिणीला ती आजवर सापडलेली नाही.

आणि डिजिटलवर त्यांचा विश्वास नव्हता त्याला सबळ कारण होतं. गेल्या जानेवारीत, आमच्याकडे धुकं तीन-तीन दिवस हलत नाही त्या दिवसांत, नाना गळून गेले होते. आईने शाल बाजूला करून डिजिटल काखेत धरला. चाळीस सेकंदांत तो वाजला आणि 97.2 म्हणाला. आई म्हणाली, "नाना, ताप नाही, थंडी बाधली आहे." नानांनी आपला काढला, झटकला, काखेत घालून घड्याळ लावून पाच मिनिटं बसले. 100.4. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी छाती तपासून कफ धरल्याचं सांगितलं आणि औषध सुरू झालं. तेव्हापासून डिजिटलचं घरातलं नाव "आईचा पोपट".

पोपट त्या दिवशी बिघडला नव्हता. डिजिटलच्या धातूच्या टोकात थर्मिस्टर नावाचा एक बारीक कण असतो. तापमान बदललं की त्याचा विद्युतरोध बदलतो, आणि आतली चिप त्यावरून आकडा काढते. आकडा वाढायचा जवळपास थांबला की तो वाजतो. आता थंडीत शाल काढून उघडी केलेली काख आधीच गार झालेली असते. त्यातून म्हाताऱ्या माणसाची काख खोलगट, तिथे मांस नाही, टोक धड कातडीला टेकतही नाही. काख मिटल्यावर आतली हवा तापायला काही मिनिटं लागतात. ही वाढ इतकी संथ असते की यंत्राला वाटतं, झालं, थांबलं. आणि ते वाजतं. आकडा चुकीचा नसतो, तो त्या क्षणीच्या गार काखेचा असतो. पारा वाजत नाही, म्हणून माणूस घड्याळ बघून थांबतो. नानांचा थर्मामीटर त्या दिवशी जिंकला तो पाच मिनिटांमुळे.

त्यामुळे हिवाळ्यातल्या तक्रारीवर उपाय सोपा आहे. आधी पाच मिनिटं काख मिटून बसायचं. मग शालीच्या आतूनच टोक काखेच्या अगदी मध्यात, वरच्या बाजूला लावायचं आणि दुसऱ्या हातानं कोपर छातीशी दाबून धरायचं. वाजल्यावर काढायचा नाही, पुरी पाच मिनिटं होऊ द्यायची. बहुतेक साध्या डिजिटलमध्ये वाजल्यानंतरही आकडा वाढत राहतो. तुमच्यात वाढतो का, ते एकदा बघून ठेवा. जे दहा सेकंदांत उत्तर देतात ते पुढचा आकडा अंदाजाने काढतात, त्यांना थांबून उपयोग नाही. तोंडात जिभेखाली धरला तर आकडा अधिक भरवशाचा येतो, पण नानांची कवळी काढली की ओठ नीट मिटत नाहीत आणि आत वारा जातो, म्हणून आमच्याकडे काखच.

हे जानेवारीचं. मे महिन्यात मात्र पारडं उलटं फिरलं होतं आणि ते कुणाच्याच ध्यानात येत नव्हतं.

मी काय काय तपासलं, आणि वाया गेलं

पहिला संशय अर्थातच नानांच्या डोळ्यांवर. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मी स्वतः वाचून बघितला, आकडा तोच. दुसरा संशय, पाऱ्याची रेघ मध्येच तुटली असेल. रेघेत फट पडली की वरचा तुकडा वरच राहतो आणि आकडा फुगतो. भिंग लावून पाहिलं, रेघ सलग होती.

मग दोघांची समोरासमोर परीक्षा घेतली. ही परीक्षा कुणालाही घरी करता येते, म्हणून कशी केली ते सांगतो. रात्री नऊला खालच्या कूलरच्या खोलीत अर्धी बादली कोमट पाणी घेतलं. ग्लासभर पाणी फार लवकर निवतं, म्हणून बादली. दोन्ही थर्मामीटर रबराने एकत्र बांधले, टोकाशी टोक. डिजिटलचं फक्त धातूचं टोक पाण्यात, कारण सगळेच डिजिटल पाणी सोसत नाहीत. हाताने पाणी ढवळत तीन मिनिटं धरले आणि वाचले. पारा 99.0, डिजिटल 98.8. पारा झटकला, डिजिटल बंद करून चालू केला, बादलीत थोडं गरम पाणी ओतलं, ढवळलं, पुन्हा तीन मिनिटं. 101.2 आणि 101.1. तिसऱ्यांदा 102.6 आणि 102.4.

एक सावधगिरी इथेच सांगतो. ताप मोजायच्या पाऱ्याची पट्टी 108 ला संपते. त्यापेक्षा गरम पाण्यात तो घातला तर पाऱ्याला फुगायला जागा राहत नाही आणि काच फुटते. उकळत्या पाण्यात घालून धुणारी माणसं मी पाहिली आहेत. पाणी 104 च्या वर जाऊ द्यायचंच नाही. कोपर बुडवून बघायचं, तान्ह्या बाळाच्या आंघोळीच्या पाण्याचं बघतात तसं.

तर निकाल असा की दोन्ही थर्मामीटर चोख. दोन दशांशांचा फरक दोघांच्याही सहनमर्यादेतला. म्हणजे काल दुपारी एकाच माणसाच्या एकाच काखेत 101.8 आणि 98.0 दाखवणारी दोन्ही यंत्रं निर्दोष होती. मी नानांना म्हटलं, तुमचा थर्मामीटर बरोबर आहे. नाना म्हणाले, "मग माझा तापही बरोबर आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डॉक्टरांकडेही नव्हतं. नानांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वेळ आणि आकडा असे दोन रकाने आखून कंपाउंडरच्या अक्षरात नोंदी ठेवल्या होत्या. दुपारी चढणारा आणि पहाटे उतरणारा ताप इतका नेटका मांडलेला बघून कुठलाही डॉक्टर रक्त तपासायला सांगेल. तपासलं. मलेरिया नाही, टायफॉइड नाही, पांढऱ्या पेशी जागच्या जागी, छातीचा फोटो स्वच्छ. क्रोसीनसारखी साधी पॅरासिटामॉलची गोळी, 500 ची, दिवसातून तीनदा सुरू होती. आणि ती लागूही पडत होती! संध्याकाळची गोळी घेतली की रात्री ताप उतरायचा. गोळीला मिळालेलं हे फुकटचं श्रेय आठवलं की अजून हसू येतं.

खाटेला आलेला ताप

दहाव्या दिवशी सुट्टी होती. दुपारी तीनला मी वर नानांच्या खोलीत जाऊन बसलो. एरवी ते खाली राहतात, पण यंदा खाली फरशीचं काम काढलं होतं म्हणून त्यांचं बिऱ्हाड वरच्या पश्चिमेच्या खोलीत हलवलं होतं. वर दगडी पाटांचं छत, दिवसभर उन्हात भाजलेलं. कूलर नाही, कारण ओल्या हवेनं त्यांचे सांधे धरतात. पंखा तेवढा फिरत होता.

नानांनी कोनाड्यातून थर्मामीटरची नळी काढली. दोन झटके दिले. बंडीची नाडी सुटेना म्हणून थर्मामीटर क्षणभर खाटेवर ठेवला. मी सहज उचलला, रेघ धरली आणि वाचला.

101.4.

काखेत गेलाच नव्हता अजून. मला वाटलं, नानांच्या मनगटाचा जोर कमी झाला. मी घेऊन जोरात झटकला. 101.4. दहा वेळा झटकला, खांदा दुखेपर्यंत. 101.4 चा केसभरही खाली येईना. दारात उभी राहून आजी बघत होती. ती म्हणाली, "अरे, खाटेलाच ताप आलाय की काय?"

मी शेजारचा पितळी तांब्या हाताला लावून बघितला. गरम. खाटेची पाटी गरम, भिंत गरम, नानांच्या चष्म्याची दांडी गरम. खाली जाऊन माझ्या हत्यारांच्या पेटीतला खोलीचं तापमान दाखवणारा मीटर आणला आणि कोनाड्यात ठेवला. दहा मिनिटांनी तो 38.6 अंश सेल्सियस दाखवत होता. फॅरनहाइटमध्ये मांडलं तर साधारण 101.5.

थर्मामीटर खोलीचा ताप सांगत होता. अगदी इमानेइतबारे.

हे का होतं ते समजून घ्यायला पाऱ्याच्या थर्मामीटरचा गळा बघावा लागतो. खालच्या फुग्याच्या लगेच वर नळी एका ठिकाणी चिमटलेली असते. फुगा तापला की पारा जोर करून त्या चिमट्यातून वर चढतो. फुगा गार झाला की आतला पारा आकसतो, पण वर गेलेला पारा चिमट्यापाशी तुटतो आणि वरच राहतो. म्हणून तर काखेतून काढल्यावरही आकडा टिकतो. थोडक्यात हा थर्मामीटर आत्ताचं तापमान सांगत नाही. शेवटच्या झटक्यानंतर फुग्याने सोसलेलं सगळ्यात जास्त तापमान सांगतो.

झटकणं म्हणजे वरचा पारा जोरानं पुन्हा फुग्यात ढकलणं. पण फुगाच 101.4 अंशांवर असेल तर त्यातला पारा फुगलेला आहे, 101.4 च्या खुणेपर्यंतचा पारा बाहेर राहणारच. कितीही झटका, त्याला आत जागा नाही. असा थर्मामीटर 98 अंशांच्या काखेत गेला की फुगा गार होतो, पारा आकसतो, चिमट्यापाशी तुटतो आणि रेघ 101.4 वर जशीच्या तशी. पाच मिनिटं ठेवा नाहीतर पन्नास.

बाकी सगळे महिने हे घडत नाही, कारण खोली अंगापेक्षा गार असते. ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये बाहेर 44-45 म्हणजे रोजचंच, आणि छताखालची खोली 38-39 पर्यंत जातेच. 37 च्या पुढे गेली की पाऱ्याचा खेळ उलटा होतो.

मग नानांचं कॅलेंडर पुन्हा काढलं आणि ते तापाचा नव्हे, हवेचा तक्ता म्हणून वाचलं. दुपारी दोनला 101.2, म्हणजे खोली 38.4. साडेचारला 101.8, कारण छतातली उष्णता आत उतरायला दोन-तीन तास लागतात, खोली सगळ्यात जास्त तापते ती चारनंतरच. रात्री आठला 100.4, खोली 38. सकाळी सहाला 97.6, कारण तोवर खोली 32 वर आलेली, पारा सरळ पट्टीखाली झटकला जात होता आणि काखेचं खरं तापमान सांगत होता. चौथ्या दिवशी साडेचारला नुसतं 98.2 होतं. पुढे नानांनी लिहिलं होतं, गोळी लागू. त्या दुपारी अंधड येऊन शिंतोडे पडले होते, हे आजीला आठवलं, कारण गच्चीवरचे पापड गोळा करताना तिची तारांबळ उडाली होती.

आईच्या पोपटाची पाळी

आईचा चेहरा एव्हाना उजळला होता. मग नाना म्हणाले, "तिचा कुठे असतो?" खाली कूलरच्या खोलीत, कपाटाच्या खणात. आई तिथून घ्यायची, जिना चढून वर यायची आणि लगेच काखेत लावायची. नाना म्हणाले, "माझ्या कोनाड्यात ठेव बघू अर्धा तास."

ठेवला. अर्ध्या तासाने चालू करून नानांच्या काखेत लावला. वाजला. 101.6.

नानांनी तो हातात घेऊन चष्म्याशी धरला आणि काही बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती.

साधे डिजिटलही चालू केल्यापासूनचा सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतात. टोक आधीच 101.6 वर असेल तर तोच धरून बसतात. आमच्या डब्यातल्या पत्रकात तर लिहिलेलंच होतं की फार तापलेल्या हवेत वापरू नये. पत्रक त्या दिवशी पहिल्यांदा उलगडलं. त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तेव्हा भांडण पारा विरुद्ध डिजिटल असं नव्हतंच. कोनाडा विरुद्ध कपाटाचा खण असं होतं.

उपाय, आणि तो कुणी सांगितला

मला सुचलेला उपाय असा होता. थर्मामीटरचा फुगा माठाच्या पाण्यात मिनिटभर धरायचा, मग झटकायचा. आता पारा सरळ 94 च्या खाली जातो, पट्टी तिथूनच सुरू होते. फडक्याने टिपून लगेच काखेत. लगेच म्हणजे लगेच, कारण 101 च्या हवेत नुसता धरून ठेवला तरी पारा पुन्हा चढायला लागतो. हे करून पाहिलं, 98.0 आला.

तरी दुसऱ्याच दिवशी नानांकडे 99.8 निघाला. मी फोनवर विचारलं, कसा मोजला. सगळं बरोबर केलं होतं. मग काढल्यावर काय केलंत? म्हणाले, उजेडाला नेऊन वाचला. खाटेपासून खिडकीपर्यंत जायचं, चष्मा बदलायचा, रेघ शोधायची, यात मिनिट-दीड मिनिट गेलं. गार हवेत हा वेळ बिनधोक असतो, चिमटा पारा उतरू देत नाही. पण तापलेल्या हवेत पारा चढायला चिमट्याची आडकाठी नाही, काखेतून बाहेर आल्यावर तो खोलीकडे बघून वर जात राहतो. म्हणजे काखेतून काढून दहा सेकंदांत वाचायचा. वाचणं जमत नसेल तर दुसऱ्याला वाचायला बसवायचं, किंवा सरळ गार खोलीत जाऊन मोजायचं. खरं तर शेवटचाच मार्ग उत्तम आहे. खोली 34-35 च्या खाली असेल, थर्मामीटर आणि माणूस दोघेही तिथे अर्धा तास असतील, तर दोन्ही थर्मामीटर शहाण्यासारखे वागतात.

पण मला एक कोडं सुटत नव्हतं. दौलतगंजातल्या दवाखान्यात 30 मे महिने गेले. तिथे काही कूलर नव्हता. मग रोज दुपारी प्रत्येक रोग्याला 102 ताप का निघाला नाही? नाना संध्याकाळभर गप्प होते. जेवताना घास हातात थांबला आणि म्हणाले, "तो पाण्यात असायचा रे."

दवाखान्यात थर्मामीटर टेबलावरच्या काचेच्या पेल्यात उभा असायचा. पेल्याच्या तळाला कापसाचा बोळा, फुगा आपटू नये म्हणून, आणि वर जंतुनाशक घातलेलं पाणी. दोन रोग्यांच्या मध्ये तो त्या पाण्यात. सगळ्यांना वाटायचं, हे स्वच्छतेसाठी. होतंही स्वच्छतेसाठीच. पण आमच्याकडच्या कोरड्या हवेत उघड्या पेल्यातलं पाणी सतत उडत राहतं आणि हवेपेक्षा बरंच गार राहतं. थर्मामीटर त्या पाण्यातून निघायचा, झटकला जायचा, पुसून रोग्याच्या तोंडात, आणि कंपाउंडर शेजारीच उभा राहून काढल्याबरोबर वाचायचा. पाणी, झटका, पुसणं, तत्काळ वाचणं. सगळा उपाय त्यांच्या हातांनी 30 वर्षं केलेला होता. निवृत्त झाल्यावर पेला दवाखान्यात राहिला आणि थर्मामीटर कोरड्या नळीत घरी आला.

आता नानांच्या खाटेशी काचेच्या पेल्याऐवजी चहाचा कुल्हड आहे, तळाला कापूस, निम्मं पाणी. मातीतून पाणी झिरपत असल्यामुळे काचेपेक्षा जास्त गार राहतं. परवा खोलीत 39 असताना कुल्हडातलं पाणी मी मोजलं, 29 सेल्सियस भरलं. पाणी रोज बदलायचं आणि कुल्हड आठवड्याने. पावसाळ्यात हवा दमट झाली की पाणी इतकं गार होणार नाही, पण तेव्हा खोलीही इतकी तापत नाही.

ज्यांच्या घरी हा घोळ होत असेल त्यांनी एवढंच करावं. झटकल्यावर, काखेत घालण्याआधी थर्मामीटर एकदा वाचावा. 95 च्या वर असेल तर तो मोजायच्या लायकीचा नाही. गार करा, पुन्हा झटका. डिजिटल असेल तर चालू केल्यावर आधीचा आकडा क्षणभर दिसून जातो, तो सोडून द्या. मग त्याने Lo असं दाखवलं किंवा 95 च्या खालचा आकडा दाखवला तरच पुढे जा.

जिथे हे लागू करायचं नाही

दोन घरांतून तक्रार आली असं वर म्हटलं. पहिल्या घरी हेच निघालं, माडीवरची खोली आणि लोखंडी कपाटावर ठेवलेला थर्मामीटर. दुसऱ्या घरच्या काकूंनी फोनवर सांगितलं की सासऱ्यांना 104 दाखवतोय, तुझ्या नानांसारखंच असेल ना? मी विचारलं, ते बोलतायत कसे? म्हणाल्या, असंबद्ध बोलतायत, अंग भट्टीसारखं लागतंय. मी म्हटलं, थर्मामीटर बाजूला ठेवा. ओली चादर, पंखा, काखेत आणि मानेला गार पाण्याच्या पट्ट्या, आणि रिक्षा बोलवा. खोली अंगापेक्षा गरम असते तेव्हा थर्मामीटर खोटं बोलतो हे खरं, पण त्याच खोलीत म्हाताऱ्या माणसाचं अंगही खरोखर तापत असतं. लू लागलेल्या माणसाला पॅरासिटामॉलने गुण येत नाही, त्याला बाहेरून गार करावं लागतं. भान हरपलेलं असेल तर आकडा तपासत बसायचं नाही. ते काका दोन दिवस दवाखान्यात राहून सुखरूप घरी आले.

उलट बाजूही आहे. वृद्धांचं नेहमीचं तापमानच कमी असतं, नानांचं सकाळचं 97.4 ते 97.6. त्यांना एरवीपेक्षा दोन अंश जास्त निघाला तर तो ताप धरायचा, भले आकडा 100 च्या खाली असो. कॅलेंडरवरच्या नोंदींचा हा एक पक्का फायदा झाला, नेहमीचा आकडा कळला.

पाऱ्याचा थर्मामीटर आता नवा घेऊ नका, असं मी सगळ्यांना सांगतो. पाऱ्याबद्दलचा मिनामाता करार 2013 मध्ये झाला, भारत त्यात 2018 मध्ये आला, आणि ताप मोजायची पाऱ्याची साधनं बंद करायची हे त्यात ठरलेलं आहे. असलेला जपून वापरा. फुटला तर झाडू लावू नका, झाडूने गोळ्यांच्या शंभर गोळ्या होतात. मुलांना बाहेर काढून खिडक्या उघडायच्या, पोस्टकार्डाने गोळ्या एकत्र ढकलायच्या, उरलेल्या चिकटपट्टीने टिपायच्या आणि सगळं घट्ट झाकणाच्या बाटलीत. कोनाड्यात किंवा मोटारीत ठेवू नका. पाऱ्याची पट्टी संपते ते 108 म्हणजे सेल्सियसमध्ये 42, आणि उन्हातली मोटार ते कधीच ओलांडते.

फरशीचं काम संपलं, नाना खाली आले. कुल्हड त्यांच्याबरोबर आला. कॅलेंडरवर आता तीन रकाने आहेत, पारा, पोपट आणि खोली. कालची नोंद दुपारी तीनची: 97.8, 97.6, 33. खोलीचा आकडा ते सेल्सियसमध्ये लिहितात आणि अंगाचा फॅरनहाइटमध्ये. मी म्हटलं, एकच ठेवा, घोटाळा होईल. म्हणाले, वेगळे ठेवले म्हणजे पुन्हा एकमेकांत मिसळणार नाहीत.